कागदावरची काकु

काकु म्हणजे आवाजातला तो बदल, ज्यामुळे शब्द तेच राहतात आणि अर्थ पालटतो. ‘फार कष्ट पडले असतील तुम्हाला’ हे वाक्य एका सुरात सांत्वन असते आणि दुसऱ्या सुरात टोमणा. नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार मानले, एक श्लेषाचा आणि एक काकूचा, आणि त्या नात्याने काकूला अलंकारांच्या पंगतीत पाट मांडून दिला. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त यावर हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की काकु हा पठणाचा धर्म आहे. ती म्हणणाऱ्याच्या गळ्यात असते, लिहिणाऱ्याच्या शब्दांत नसते. मग तिला अलंकार कसे म्हणायचे? हजार वर्षांपूर्वीचा हा वाद वरवर पंडिती वाटतो, पण दुसऱ्याचा किंवा स्वतःचा पडलेला विनोद दुरुस्त करायला बसलेल्या प्रत्येकापुढे तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. बोलताना जे वाक्य हशा पिकवते तेच कागदावर पोचट का होते? आवाज काढून घेतल्यावर त्याची जागा घेणारे लिहिणाऱ्याच्या हातात नेमके काय उरते?

या प्रश्नाला सहज सुचणारे उत्तर म्हणजे चिन्हे. आवाज चढतो तिथे उद्गारचिन्ह, थांबतो तिथे तीन टिंबे, वाकडा होतो तिथे अवतरणचिन्ह. पुढच्या पानांची भूमिका याच्या उलट क्रमाची आहे. मराठीत विनोदाचे टाइमिंग आधी शब्दांच्या क्रमात असते, मग शब्दांच्या निवडीत, आणि सर्वांत शेवटी चिन्हांत. क्रम चुकला असेल तर कोणतेही चिन्ह वाक्य वाचवत नाही. क्रम बसला असेल तर बहुतेक वेळा साधा पूर्णविराम पुरतो. हे तत्त्व म्हणून पटवण्यापेक्षा एका वाक्यावर करून पाहणे सोपे.

समजा, हातात आलेला खर्डा असा आहे: ‘आमच्या सोसायटीची लिफ्ट सहा महिन्यांपासून बंद असल्यामुळे लोकांचे प्रचंड हाल होत असताना कमिटीने मात्र लिफ्टमध्ये नवीन आरसा बसवून घेतला, हे खरोखरच हास्यास्पद आहे!!’ यात विनोदाचा ऐवज आहे. बंद लिफ्ट आणि तिच्यातला आरसा या दोन गोष्टी एकमेकींना घासतात. तरी हसू येत नाही, कारण ‘मात्र’ या शब्दावरच वाचकाला कळते की आता कमिटीचा मूर्खपणा येणार. ‘आरसा’ येतो तेव्हा तो चकित होत नाही, फक्त मूर्खपणाचे नाव त्याला कळते. त्यानंतर ‘हे खरोखरच हास्यास्पद आहे’ हा शेरा येतो, म्हणजे हसण्याचे कामही लेखकानेच उरकले. ‘प्रचंड हाल’ हा तर वेगळाच सूर आहे. तक्रारीच्या अर्जातला हा शब्द विनोदात शिरला की वाचक सहानुभूतीच्या तयारीला लागतो आणि हसायला त्याच्याजवळ जागा उरत नाही.

पुनर्लेखनाची पहिली पायरी म्हणजे हे वाक्य तोडणे आणि आरशाला शेवटापर्यंत लपवणे: ‘सोसायटीची लिफ्ट सहा महिने बंद आहे. कमिटीने लिफ्टमध्ये आरसा बसवला.’ सुधारणा झाली, पण दुसरे वाक्य फार लवकर येते. वाचकाने अजून कशाचीच अपेक्षा केलेली नाही, म्हणून अपेक्षाभंगही नाही. हसू म्हणजे ताणलेल्या अपेक्षेचे एकाएकी काहीच न उरणे, असे काण्टने 1790 मध्ये लिहून ठेवले आहे. इथे ताणच पडलेला नाही. म्हणून मध्ये एक वाक्य हवे, आणि ते वाचकाला चुकीच्या दिशेने पण सरळ चेहऱ्याने नेणारे हवे: ‘सोसायटीची लिफ्ट सहा महिने बंद आहे. पण कमिटी स्वस्थ बसलेली नाही. मागच्याच आठवड्यात तिने लिफ्टमध्ये आरसा बसवला.’ मधले वाक्य कौतुकाचे आहे. ते वाचताना डोळ्यांपुढे मेकॅनिक येतो, नवी मोटर येते. ‘मागच्याच’मधला ‘च’ कमिटीच्या तत्परतेची साक्ष देतो. ‘लिफ्टमध्ये’ या शब्दापर्यंत दुरुस्तीचीच आशा टिकते आणि ‘आरसा’वर ती मोडते. ‘नवीन’ गळाले, कारण नवीन म्हटले की जुना आरसा डोकावतो आणि वाचकाचे लक्ष नको तिथे वळते. दोन उद्गारचिन्हे गळाली आणि त्यांची उणीव कुठेच भासत नाही.

यात एक अडचण मराठीची स्वतःची आहे. आपल्या वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद बसते, आणि विनोदाची कलाटणी बहुधा नामात असते. म्हणजे कलाटणीचा शब्द येऊन गेल्यावरही वाक्याची शेपटी मागे उरते. शेपटी ‘बसवला’ इतकी आखूड असेल तर बिघडत नाही, कारण वाचक ते क्रियापद ‘आरसा’बरोबरच गिळतो. पण ‘आरसा बसवून घेण्याचा निर्णय घेण्यात आला आहे’ अशी शेपटी आली की हसू फुटण्याआधी सहा पावले चालावी लागतात. कार्यालयीन मराठीत वाढलेल्या वाक्यांचा विनोद बहुतेक या ‘-ण्यात आले आहे’खाली चिरडतो. म्हणून तपासणीची एक साधी रीत आहे. ज्या शब्दावर वाचक हसावा तो शोधायचा आणि त्याच्यापुढे किती शब्द उरतात ते मोजायचे. एक क्रियापद चालते. त्याहून जास्त काही असेल तर ते वाक्यात त्या शब्दाच्या आधी आणायचे, नाही तर कापायचे. उलट तपासणीही आहे. कलाटणीचा शब्द बोटाने झाकायचा आणि उरलेले वाक्य वाचायचे. झाकलेला शब्द ओळखता आला, तर विनोद आधीच फुटला आहे.

क्रियापद शेवटी असणे ही मात्र निव्वळ अडचण नाही. कलाटणी क्रियापदातच घातली, तर मराठीइतकी सोय थोड्या भाषांत असेल. ‘नाना पहाटे उठले, बूट घातले, टोपी चढवली, घड्याळ लावले, भिंतीवरचे व्यायामाचे वेळापत्रक नीट वाचले आणि झोपले.’ इथे कर्ता एकदाच सांगितला आहे आणि पुढे क्रियापदांची रांग लागली आहे. त्या रांगेतले शेवटचे क्रियापद येईपर्यंत नाना मैदानात उतरणार की नाही हे कोणालाच कळत नाही. हेच वाक्य ‘नानांनी व्यायामाची सगळी तयारी केली पण शेवटी ते पुन्हा झोपायलाच गेले’ असे लिहिले की ‘पण’वर भांडे फुटते. ‘आणि’ आणि ‘पण’ यांतला हा फरक लहान दिसतो; प्रत्यक्षात विनोदाचे निम्मे पुनर्लेखन ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’ आणि ‘चक्क’ हे चार शब्द काढण्यात संपते. चौघेही पुढे वळण आहे अशी पाटी धरून उभे असतात. लिफ्टच्या वाक्यात ‘पण’ राहिला, कारण तिथे तो खोट्या वळणाची पाटी धरून होता.

नाम शेवटी आणायचेच असेल तर मराठीत आणखी एक वाट आहे, वाक्य संपवून त्याचा एक तुकडा मागाहून टाकण्याची. ‘दोन तासांच्या चर्चेनंतर समितीने चहा मागवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला’ हे वाक्य ठीक आहे. ‘दोन तासांच्या सखोल चर्चेनंतर समितीने एक ठराव एकमताने मंजूर केला. चहाचा.’ हे त्याहून नेमके आहे. इथे पूर्णविराम पहिल्यांदा काही मिळवून देतो. त्याच्या जागी स्वल्पविराम घातला तर ‘चहाचा’ घाईने आल्यासारखा वाटतो. अपसारण चिन्ह, म्हणजे ती लांब रेघ, घातली तर ती वाचकाचा हात धरून दाखवते की पाहा, आता गंमत येते. अपूर्णविराम यादीची वाट पाहायला लावतो. पूर्णविराम मात्र काहीच सुचवत नाही. वाक्य संपले असे वाचकाला वाटते, ठराव काहीतरी गंभीर होता असे तो एक क्षण मानून चालतो, आणि मग ‘चहाचा’ येतो. ‘सखोल’ हा शब्दही इथेच कामाला येतो, कारण इतिवृत्ताची भारदस्त भाषा जितकी निर्विकार तितका चहा जास्त घरगुती. या युक्तीला मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एका लेखात ती दुसऱ्यांदा आली की वाचक प्रत्येक पूर्णविरामानंतर तुकड्याची वाट पाहू लागतो, आणि ज्याची वाट पाहिली जाते त्याने कोणी चकित होत नाही.

चिन्हाची निवड अर्थावर किती परिणाम करते हे रस्त्याच्या एका वाक्यात जवळून दिसते. ‘या रस्त्यावर एकही खड्डा नाही, कारण खड्डा पडायला आधी तिथे रस्ता असावा लागतो!’ इथे ‘कारण’ घालून वाचकाच्या वाट्याचे काम लेखक करतो, आणि ‘आधी तिथे’ हे दोन शब्द त्याला समजले नसावे या शंकेने घातलेले आहेत. ‘या रस्त्यावर एकही खड्डा नाही. खड्डा पडायला रस्ता लागतो.’ असे केले की दोन विधानांमधला पूल वाचकाला स्वतः बांधावा लागतो. पहिला पूर्णविराम त्याला ते विधान खरे मानायला अवकाश देतो. ते जणू कंत्राटदाराच्या अहवालातलेच वाक्य आहे. दुसऱ्या वाक्याने तो अहवाल आतून पोखरला जातो. अर्धविराम घातला तर दोन्ही वाक्ये एकाच तोंडची वाटतात आणि पहिल्यातला अहवालाचा सूर हरवतो. म्हणजे इथे पूर्णविराम फक्त थांबा नाही. तो बोलणारा बदलतो. उपरोधात हे फार महत्त्वाचे आहे, कारण उपरोध बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचे तरी म्हणणे किंवा आशा जशीच्या तशी उच्चारून दाखवतो. ते म्हणणे कोणाचे, हे वाचकाला ओळखू आले की अर्धे काम झाले.

उपरोधाची खूण म्हणून स्वतंत्र चिन्हच का असू नये, असे सुचवणारे लोकही होऊन गेले. फ्रान्समध्ये आल्कांतेर द ब्राम या कवीने 1899 मध्ये उलट्या प्रश्नचिन्हासारखे एक उपरोधचिन्ह मांडले. ते रुजले नाही, आणि त्यात नवल नाही. ‘हे खरे मानू नका’ अशी पाटी लावलेला टोमणा सभ्य तक्रारीइतकाच निरुपद्रवी होतो. आपल्याकडे ते चिन्ह आले नाही, पण तेच काम अवतरणचिन्हांवर लादले गेले. ‘प्रमुख पाहुणे “वेळेवर” आले!’ यात अवतरणचिन्हे डोळा मारतात, उद्गारचिन्ह कोपराने ढोसते, आणि पाहुणे किती उशिरा आले हे वाचकाला कळतच नाही. त्याऐवजी: ‘प्रमुख पाहुणे आले तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले.’ यात लेखकाने कोणाला नाव ठेवलेले नाही. समारंभाचा क्रम मराठी वाचकाला पाठ असतो, म्हणून आभारानंतर लागलेला दिवा त्याला आपोआप दिसतो. हा उपरोध तपशिलातून आला, आणि तपशिलाला हरकत घेता येत नाही.

यावर राजशेखराच्या बाजूने अजूनही म्हणता येईल की हे सगळे वाक्य नव्याने रचणे झाले. मूळ टोमण्यातला सूर कागदावर आलाच नाही. हा आक्षेप खरा धरला तरी मराठीत अशी काही अव्यये आणि विशेषणे आहेत ज्यांच्यात काकु जन्मतःच मुरलेली आहे. ‘म्हणे’, ‘एकदाचा’, ‘बापडा’, ‘तेवढे’ हे त्यांतले ठळक. ‘पूल पूर्ण झाला’ ही बातमी आहे. ‘पूल एकदाचा पूर्ण झाला’ यात मागची सगळी वर्षे आली. ‘म्हणे’ची गंमत त्याच्या जागेत आहे. ‘पाहुणे म्हणे वाहतुकीत अडकले होते’ असे लिहिले की शंका सुरुवातीलाच येते आणि वाक्य गप्पांच्या सुरात जाते. ‘पाहुणे वाहतुकीत अडकले होते म्हणे’ असे लिहिले की वाचक आधी सबब ऐकून घेतो आणि शेवटच्या शब्दावर तिच्याखालची सतरंजी ओढली जाते. आवाजाशिवाय, चिन्हाशिवाय, केवळ एका शब्दाच्या स्थानाने सूर बदलला. ‘म्हणे’ बसल्यावर त्याच वाक्यात अवतरणचिन्हे किंवा उद्गारचिन्ह घालणे म्हणजे एकाच निरोपासाठी दोन माणसे पाठवणे, आणि दोघेही दारात अडतात.

दुसरा आक्षेप विरामचिन्हांच्या उपरेपणाचा आहे. पाश्चात्त्य धर्तीची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात आली आणि त्याचे श्रेय सहसा मेजर कँडी यांना दिले जाते. त्याआधी मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत. तरीही मराठी माणूस तिरकस बोलत होता आणि लिहीत होता. एकनाथांच्या भारुडांतला उपरोध कोणत्याही उद्गारचिन्हावर उभा नाही. मग चिन्हांची चर्चा कशाला? याचे उत्तर दुपदरी आहे. भारुड म्हणायचे आणि ऐकायचे असते, तिथे गळा हजर असतो. मुद्रित गद्य मुक्याने वाचले जाते, तिथे थांबा कुठे घ्यायचा हे सांगावे लागते. पण ते रचनेतच शेकडो वर्षे सांगता येत होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. म्हणजे हा इतिहास वरच्या क्रमालाच दुजोरा देतो. चिन्ह रचनेने निर्माण केलेला थांबा राखते. नसलेला थांबा निर्माण करू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. इतका निर्विकार चेहरा ठेवला आणि वाचकाला उपरोध कळलाच नाही तर? कमिटी खरेच तत्पर आहे, असे एखाद्याने मानले तर? हा धोका काल्पनिक नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती गंभीरपणे सांगतो आणि ती हसण्याची आहे हे त्याला कळत नाही. पण तिथे पानेच्या पाने असतात आणि वाचकाची नजर हळूहळू तयार होते. दोन ओळींच्या टोमण्याला ती सवड नसते. तरी उपाय म्हणून खुणेचे चिन्ह घालणे चुकीचे, कारण ते कळणाऱ्या वाचकाची मजा घालवते आणि न कळणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगत नाही. उपाय म्हणजे सरळ अर्थाशी कोणत्याही परिस्थितीत न जुळणारा एक तपशील. बंद लिफ्टमधला आरसा आणि आभारानंतरचा दिवा असे तपशील आहेत. ‘साहेब फार कामसू आहेत’ यात तसा तपशील नाही, म्हणून ते वाक्य अनोळखी वाचकापुढे प्रशंसाच ठरते. तिथे ‘साहेब फार कामसू आहेत. रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याला भरू देत नाहीत.’ असे काही हवे. आणि मूळ वस्तुस्थिती वाचकाला माहीतच नसेल, ती सांगायलाही जागा नसेल, तर उपरोध सोडून सरळ लिहावे. हा पराभव नाही. काही टोमणे ओळखीच्या माणसांतच चालतात.

एक शेवटची कबुली. जिथे दोन गोष्टी एकमेकींना घासतच नाहीत तिथे क्रम आणि चिन्हे काही करू शकत नाहीत. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी मूळ मजकुरातली सगळी विशेषणे आणि शेरे काढून नुसती घटना लिहून पाहावी. ‘लिफ्ट बंद आहे, आत आरसा बसवला’ यात घासणे दिसते. ‘वरच्या मजल्यावरचे काका फारच विनोदी आहेत’ यात काहीच उरत नाही. ते वाक्य दुरुस्त करायचे नसते, काढायचे असते. जे उरेल त्याच्यावर मात्र राजशेखराचा प्रश्न लावून पाहता येतो. काकु पठणाचा धर्म आहे हे त्याचे म्हणणे मान्य केले, तरी मुक्याने वाचणारा माणूसही मनातल्या मनात पठणच करत असतो. ‘कमिटी स्वस्थ बसलेली नाही’ हे वाक्य तो पहिल्यांदा सरळ सुरात म्हणतो आणि पुढच्या ओळीतल्या ‘आरसा’वर पोचला की मागे वळून तेच शब्द त्याला दुसऱ्या सुरात ऐकू येतात. गळा त्याचाच असतो. तो सूर कोणत्या शब्दावर बदलायचा, एवढेच लिहिणाऱ्याने आधी ठरवलेले असते.